वेस्टर्न ब्लॉटचा सिग्नल फिका येतो तेव्हा: ट्रान्सफर, ब्लॉकिंग आणि अँटिबॉडीचं प्रमाण

सिग्नल फिका आला की नवशिक्याचा हात सर्वात आधी अँटिबॉडीच्या व्हायलकडे जातो. १:१००० ने दिसलं नाही, मग १:५०० करू, तरी नाही तर १:२००. मुंबईतल्या बहुतेक प्रयोगशाळांत ही अँटिबॉडी बाहेरून मागवलेली असते आणि संपली तर पुढची येईपर्यंत काही आठवडे थांबावं लागतं. म्हणून व्हायल उघडण्याआधी एका प्रश्नाचं उत्तर हवं: प्रोटीन मेंब्रेनवर पोचलंय का? पोचलंच नसेल तर अँटिबॉडी कितीही ओता, तिला धरायला काही नाही.

हा लेख एकाच उदाहरणाभोवती लिहिला आहे, कारण त्यात तिन्ही अडचणी एकापाठोपाठ आल्या. परळच्या एका प्रयोगशाळेत एमएस्सीच्या प्रकल्पासाठी आलेली विद्यार्थिनी तोंडाच्या कर्करोगाच्या पेशींमध्ये ईजीएफआर बघत होती. एक ब्लॉट एकूण ईजीएफआरसाठी आणि दुसरा त्याच्या फॉस्फेट लागलेल्या रूपासाठी, म्हणजे टायरोसिन १०६८ या जागेसाठी. जेल १०%, जाडी दीड मिलिमीटर, लेनमागे २५ मायक्रोग्रॅम लायसेट. ट्रान्सफर टाकीत, १०० व्होल्टला एक तास, बफरमध्ये २०% मिथेनॉल. मेंब्रेन ०.४५ मायक्रॉनचं पीव्हीडीएफ. ब्लॉकिंग ५% दुधात, प्रायमरी १:१०००, तीही दुधातच. जीएपीडीएच लखलखीत आला. ईजीएफआर मात्र दिसतोय की नाही यावर दोघांची दोन मतं, इतका पुसट.

जीएपीडीएच चमकला म्हणजे ट्रान्सफर झाला, असं नाही

इथेच बहुतेक जण फसतात. जीएपीडीएच साधारण ३७ किलोडाल्टनचा, आणि पेशीत तो भरपूर असतो. ईजीएफआर जेलवर १७० ते १७५ किलोडाल्टनच्या आसपास दिसतो. लहान प्रोटीन जेलच्या जाळीतून भराभर बाहेर पडतं, मोठं अडकतं. त्यामुळे त्याच ब्लॉटवर जीएपीडीएच जवळपास पूर्ण उतरलेला आणि ईजीएफआर निम्मा जेलमध्येच, असं सहज घडतं. जीएपीडीएचमुळे लोडिंग आणि त्या उंचीपर्यंतचा ट्रान्सफर कळतो. वरच्या भागाची खात्री तो देत नाही.

ती खात्री कशी करायची ते क्रमाने सांगते.

लायसेट लावतानाच जेलच्या एका टोकाला दोन लेन जास्तीच्या ठेवा: एकीत मार्कर, दुसरीत तेच लायसेट. जेल चालून झालं की ट्रान्सफरआधी ही पट्टी कापून बाजूला काढा. ही तुमची ‘आधीची’ पट्टी. उरलेल्या जेलचा नेहमीसारखा ट्रान्सफर करा. मग ती पट्टी आणि ट्रान्सफर झालेलं जेल, दोन्ही एकाच डब्यात कुमासीने रंगवा आणि रात्रभर डीस्टेन करा. सकाळी शेजारी ठेवून बघितलं की कुठल्या उंचीचे बँड गेले आणि कुठले मागे राहिले ते उघड दिसतं. मोठ्या प्रोटीनचा थोडा अंश मागे राहणारच, तेवढ्याने घाबरू नका. पण १०० किलोडाल्टनच्या वरचा भाग दोन्हीकडे सारखाच निळा असेल, तर दोष ट्रान्सफरमध्ये आहे.

मेंब्रेनची तपासणी पॉन्सो एसने. ०.१% पॉन्सो ५% अॅसेटिक अॅसिडमध्ये, पाच मिनिटं हलवत ठेवायचं, मग पार्श्वभूमी पांढरी होईपर्यंत पाण्याने धुवायचं. मोबाइलवर फोटो काढा आणि तो वहीत चिकटवा. हा फोटो नंतर दहा वाद मिटवतो. गोल पांढरे ठिपके दिसले तर तिथे हवेचा बुडबुडा होता. एक कोपरा रिकामा असेल तर सँडविच नीट दाबलं गेलं नव्हतं. सगळ्या लेन खालच्या बाजूला गडद आणि वर अगदी फिक्या असतील, तर मोठी प्रोटीनं मागे राहिल्याचा तो इशारा. पॉन्सो फारसा संवेदनशील नाही, आणि पीव्हीडीएफवर नायट्रोसेल्युलोजपेक्षाही फिका दिसतो. त्यामुळे तुमचं एकटं प्रोटीन त्यात दिसेल अशी आशा ठेवू नका, लेनचं एकूण रूप बघा. टीबीएसटीत धुतलं की रंग निघून जातो आणि पुढच्या कामाला बाध येत नाही.

आमच्या विद्यार्थिनीच्या पॉन्सोत वरचा भाग जवळजवळ कोरा होता, आणि कुमासी केलेल्या जेलवर तोच भाग निळाशार. त्याआधी तिने प्रायमरी १:२०० पर्यंत नेऊन पाहिली होती. बँड होता तसाच राहिला, फक्त पार्श्वभूमी काळी झाली. आता त्याचं कारण समोर होतं.

मोठं प्रोटीन जेलबाहेर काढायचं कसं

ट्रान्सफरचा नेहमीचा बफर हॅरी टोबिन आणि सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पद्धतीतून आलेला आहे: एका लिटरला ३.०३ ग्रॅम ट्रिस, १४.४ ग्रॅम ग्लायसीन आणि २०० मिलिलिटर मिथेनॉल. त्याचा पीएच आपोआप ८.३ च्या आसपास बसतो. मीटर ८.५ दाखवतोय म्हणून त्यात हायड्रोक्लोरिक अॅसिड टाकू नका. आयन वाढतात, करंट वाढतो आणि टाकी तापते.

यात मिथेनॉल दोन विरुद्ध कामं करतं. ते प्रोटीनवरचं एसडीएस सोडवतं, त्यामुळे प्रोटीन मेंब्रेनला चांगलं चिकटतं. पण त्याच वेळी जेल आकसतं, जाळी घट्ट होते, आणि एसडीएस गेलेलं मोठं प्रोटीन जेलमध्येच बसून राहतं. लहान प्रोटीनला २०% सोयीचं. १५० किलोडाल्टनच्या वर गेलात की ते १०% वर आणा. तरीही मागे राहत असेल तर ०.०५% एसडीएस घाला, पण ०.१% च्या वर जाऊ नका, कारण मग प्रोटीन मेंब्रेनला न चिकटता आरपार जायला लागतं आणि करंटही चढतो.

आणखी दोन गोष्टी बदलता येतात. पहिली, जेलचं प्रमाण आणि जाडी. ईजीएफआरला ७.५% जेल पुरतं, आणि दीडऐवजी एक मिलिमीटर जाडी ठेवली तर प्रोटीनला कमी अंतर कापावं लागतं. दुसरी, वेळ. १०० व्होल्टला एक तासाऐवजी ३० व्होल्टला रात्रभर, शीतगृहात ४ अंशांवर. मुंबईत मला ही दुसरी वाट जास्त पटते. प्रोटोकॉलमध्ये ‘खोलीचं तापमान’ लिहिलेलं असतं तेव्हा वीस-बावीस अंश गृहीत असतात. मे महिन्यात एसी बंद असलेल्या खोलीत टाकीतला बर्फाचा ठोकळा अर्ध्या तासात वितळतो. बफर तापला की त्याचा रोध कमी होतो, करंट वाढतो, त्याने बफर आणखी तापतो. जेल मऊ पडून मेंब्रेनला चिकटल्याच्या बऱ्याच घटनांमागे हेच असतं. दिवसाच करायचा असेल तर बर्फाचा ठोकळा मध्येच बदला, टाकी बर्फाच्या टबात ठेवा आणि दर वीस मिनिटांनी करंट वहीत लिहा. रात्रभर लावलात तर संध्याकाळची लोकलही वेळेवर मिळते, आणि सकाळी ताज्या डोळ्यांनी पॉन्सो बघता येतो.

सँडविच लावण्याचा क्रम एकदा पाठ करून टाका. काळ्या बाजूपासून: स्पंज, फिल्टर पेपर, जेल, मेंब्रेन, फिल्टर पेपर, स्पंज, मग लाल बाजू. एसडीएसमुळे प्रोटीनवर ऋण भार असतो, ते लाल, म्हणजे धन बाजूकडे जातं. उलटं लावलंत तर सगळं प्रोटीन बफरमध्ये जातं आणि मेंब्रेन कोरं राहतं. पीव्हीडीएफ आधी शुद्ध मिथेनॉलमध्ये अर्धा मिनिट बुडवून मग बफरमध्ये ठेवायचं. मध्ये कुठेही ते सुकून पांढरं पडलं तर पुन्हा मिथेनॉलपासून सुरुवात. मेंब्रेन जेलवर ठेवल्यावर काचेची नळी किंवा रोलर मधून कडेकडे फिरवा, म्हणजे बुडबुडे निघून जातील.

तुमचं प्रोटीन लहान असेल, समजा २० किलोडाल्टनच्या खालचं, तर अडचण बरोब्बर उलटी असते. ते मेंब्रेनमधून पार निघून जातं. तेव्हा ०.२ मायक्रॉनचं मेंब्रेन घ्या, वेळ कमी करा, आणि शंका असेल तर मागे दुसरं मेंब्रेन लावून दोन्ही रंगवा. दुसऱ्यावर लेन दिसली की तुमचं उत्तर मिळालं.

आमच्या उदाहरणात ७.५% चं एक मिलिमीटर जाडीचं जेल, १०% मिथेनॉल आणि ३० व्होल्टला रात्रभर, एवढ्या बदलानंतर एकूण ईजीएफआर स्वच्छ दिसला. तोही जुन्याच १:१००० च्या प्रायमरीत. फॉस्फो-ईजीएफआर मात्र अजून फिकाच होता.

पुढे जाण्याआधी: नक्की दिसलंच पाहिजे असं नियंत्रण

फॉस्फेटच्या बाबतीत ‘प्रोटीन मेंब्रेनवर आहे’ एवढं पुरत नाही. फॉस्फेट लायसेटमध्येच उडालेलं असू शकतं. म्हणून एका लेनमध्ये असं लायसेट हवं ज्यात सिग्नल यायलाच हवा. ईजीएफआरसाठी ए४३१ पेशी योग्य, कारण त्यांच्यात तो प्रचंड प्रमाणात असतो. त्यांना रात्रभर सीरमशिवाय ठेवा, मग मिलिलिटरमागे १०० नॅनोग्रॅम ईजीएफ पाच मिनिटं द्या आणि लगेच बर्फावर आणा. लायसिस बफरमध्ये प्रोटिएजच्या इनहिबिटरसोबत फॉस्फटेजचे इनहिबिटरही हवेत, सोडियम ऑर्थोव्हॅनाडेट आणि सोडियम फ्लोराइड.

ए४३१ ची लेनसुद्धा फिकी असेल तर दोष ब्लॉकिंगपासून पुढे कुठेतरी. ए४३१ चमकते आणि तुमची लेन फिकी, तर तुमच्या नमुन्यातच फॉस्फेट कमी आहे. आमच्याकडे दोन्ही फिक्या होत्या.

ब्लॉकिंग: दूध की बीएसए

ब्लॉकिंग म्हणजे मेंब्रेनवरच्या रिकाम्या जागा दुसऱ्या प्रोटीनने भरून टाकणं, म्हणजे अँटिबॉडी कुठेही चिकटणार नाही. ५% दूध स्वस्त आणि पुष्कळ वेळा पुरेसं. पण दुधातलं केसीन हे स्वतःच फॉस्फेट लागलेलं प्रोटीन आहे. फॉस्फो-अँटिबॉडीचा काही भाग त्याच्याकडे खेचला जाऊ शकतो, मग खरा बँड फिका आणि पार्श्वभूमी गढूळ. दूध काही वेळा पातळ सिग्नल झाकूनही टाकतं. बीएसए तुलनेने सौम्य, पण त्यात काही अँटिबॉड्यांची पार्श्वभूमी वाढते. ‘फॉस्फो म्हणजे बीएसएच’ हा पक्का नियम नव्हे. दुधात उत्तम चालणाऱ्या फॉस्फो-अँटिबॉड्या आहेत. कंपनीच्या माहितीपत्रकात काय सुचवलंय ते आधी वाचा, आणि मग स्वतः पडताळा.

दूध वापरत असाल तर पाकिटावरचं नाव बघून घ्या. किराणा दुकानात चहासाठी मिळणारं डेअरी व्हाइटनर चालत नाही, त्यात साखर आणि स्निग्धांश असतात. लागते ती स्किम्ड मिल्क पावडर. पावसाळ्यात उघडं पाकीट ओल धरतं आणि गुठळ्या होतात. त्या नीट विरघळल्या नाहीत तर मेंब्रेनवर काळे ठिपके म्हणून दिसतात, म्हणून हवाबंद डबा ठेवा आणि द्रावण गाळून घ्या. दुधातलं काहीही रात्रभर टेबलावर ठेवायचं नाही, आपल्या हवेत ते सकाळपर्यंत नासतं. ब्लॉकिंग खोलीत एक तास, प्रायमरी रात्रभर ४ अंशांवर.

एकाच मेंब्रेनवर सगळे पर्याय

आता दोन प्रश्न राहिले: दूध की बीएसए, आणि प्रायमरी किती. प्रत्येक पर्यायासाठी वेगळा ब्लॉट केलात तर आठवडे जातील, आणि दोन ब्लॉटांमधला फरक ट्रान्सफरचा की अँटिबॉडीचा हेही कळणार नाही. त्यापेक्षा पट्ट्यांची पद्धत घ्या.

जेलला नेहमीच्या कंगव्याऐवजी एकच रुंद कप्पा आणि बाजूला मार्करचा लहान कप्पा असलेला कंगवा लावा. रुंद कप्प्यात ए४३१ चं ३०० मायक्रोग्रॅम लायसेट भरा. मिनी जेलमध्ये तो कप्पा साधारण बारा लेनइतका रुंद असतो, म्हणजे लेनमागे २५ मायक्रोग्रॅमच झाले. ट्रान्सफर करा, पॉन्सो करा, आणि रंग असतानाच ब्लेडने पाच-पाच मिलिमीटरच्या उभ्या पट्ट्या कापा. प्रत्येकीच्या वरच्या टोकाला पेन्सिलने आकडा लिहा, पेनाची शाई मिथेनॉलमध्ये फुटते.

सहा पट्ट्या प्रायमरीसाठी: तीन दुधात आणि तीन बीएसएत, दोन्हीकडे १:५००, १:१००० आणि १:२०००. प्रत्येक पट्टीला पन्हाळीच्या ट्रेमध्ये दोन मिलिलिटर पुरतात. एक मायक्रोलिटर मोजण्याचा धोका पत्करू नका, उतरत्या क्रमाने पातळ करा. ४ मिलिलिटर बफरमध्ये ८ मायक्रोलिटर प्रायमरी, हे झालं १:५००. त्यातलं २ मिलिलिटर पहिल्या पट्टीला. उरलेल्या दोनात दोन मिलिलिटर बफर, हे १:१०००. पुन्हा तसंच केलं की १:२०००. दूध आणि बीएसए मिळून १६ मायक्रोलिटरमध्ये सगळं भागतं. सातवी पट्टी प्रायमरीशिवाय, फक्त सेकंडरीची. तिच्यावर जे दिसेल ते सेकंडरीचं स्वतःचं देणं.

सकाळी टीबीएसटीने दहा-दहा मिनिटं तीनदा धुवा. सातही पट्ट्यांना एकच सेकंडरी, १:१०,०००, एक तास. पुन्हा तीनदा धुऊन सगळ्यांवर एकाच वेळी ईसीएल टाका आणि एकाच फ्रेममध्ये, एकाच एक्स्पोजरला फोटो घ्या. वेगवेगळ्या एक्स्पोजरचे फोटो शेजारी ठेवून तुलना करायची नाही.

आमच्या पट्ट्यांवर दुधातल्या तिन्ही फिक्या होत्या, आणि १:५०० मध्येसुद्धा बँडपेक्षा पार्श्वभूमीच जास्त वाढली. बीएसएत १:१००० चा बँड स्वच्छ होता. बीएसएत १:५०० चा आणखी थोडा गडद, पण खाली दोन नवे बँड उगवले. निवड १:१००० चीच झाली. सर्वात गडद बँड शोधू नका, आजूबाजूच्या कोऱ्या भागापासून सर्वात उठून दिसणारा शोधा.

सेकंडरी जास्त झाली तरी सिग्नल जातो

हे नवशिक्याला खरं वाटत नाही, म्हणून थोडं सविस्तर. सेकंडरीला जोडलेलं एचआरपी ईसीएलमधला सब्स्ट्रेट खर्च करून प्रकाश देतं. एचआरपी फार असेल तर गडद बँडच्या जागी सब्स्ट्रेट काही क्षणांत संपतो. तुम्ही मेंब्रेन कॅमेऱ्यात नेईपर्यंत तिथे अंधार. खुणा ओळखता येतात: बँडचा मध्य पांढरा आणि कडा काळ्या, सिग्नल पहिल्या मिनिटात जोरात आणि नंतर गायब, किंवा मेंब्रेनवर नुसत्या डोळ्यांना पिवळसर-तपकिरी रेघ दिसणं. इथे औषध म्हणजे सेकंडरी कमी करणं.

उरलेल्या पट्ट्यांवर हेही बघून टाका. प्रायमरी सगळ्यांना सारखी, सेकंडरी एकीला १:५००० आणि दुसरीला १:२०,०००. आधी १:१०० चं द्रावण करा. मग त्यातलं २०० मायक्रोलिटर १० मिलिलिटरमध्ये घातलं की १:५०००, आणि ५० मायक्रोलिटर घातलं की १:२०,०००. ए४३१ सारख्या भरपूर प्रोटीनच्या लायसेटमध्ये १:५००० वर पांढरा मध्य दिसला, १:२०,००० वर बँड भरीव आणि बराच वेळ टिकणारा. जास्त संवेदनशील ‘फेम्टो’ प्रकारचा ईसीएल आणलात तर प्रायमरी आणि सेकंडरी दोन्ही बऱ्याच पातळ कराव्या लागतात. जुन्याच प्रमाणात वापरलात तर सगळं मेंब्रेन काळं होईल.

सेकंडरी किंवा ईसीएल बिघडलंय अशी शंका असेल तर ब्लॉट करायची गरज नाही. नायट्रोसेल्युलोजच्या तुकड्यावर पातळ केलेल्या प्रायमरीचा एक थेंब ठेवा, सुकू द्या, ब्लॉक करा, सेकंडरी द्या, ईसीएल टाका. ठिपका चमकला नाही तर सेकंडरी किंवा ईसीएल गेलंय. त्यातलं कोणतं, हे सेकंडरीचाच थेंब ठेवून थेट ईसीएल टाकलं की कळतं. वीज गेल्याने फ्रिज बंद राहिला असेल, त्यानंतर ही चाचणी जरूर करा.

एकदा पातळ केलेली प्रायमरी बीएसएत ०.०२% सोडियम अझाइड घालून ४ अंशांवर ठेवतात आणि पुन्हा वापरतात. पैसे वाचतात, माझी हरकत नाही, पण दर वापरागणिक ती थोडी क्षीण होते. म्हणून नळीवर तारीख आणि कितवा वापर ते लिहा, आणि फिका सिग्नल शोधण्याच्या काळात ताजीच वापरा. अझाइड विषारी आहे, हातमोजे घालूनच हाताळा. ते एचआरपीला मारतं, म्हणून सेकंडरीत कधीही नको, आणि प्रायमरीनंतरचं धुणं नीट व्हायला हवं.

नमुन्यातच कमी असेल तर

हे सगळं जुळल्यावर तिने आपल्या पेशींचा ब्लॉट पुन्हा केला. ए४३१ ची लेन उत्तम, एकूण ईजीएफआर उत्तम, तिच्या पेशींचा फॉस्फो-बँड दिसला पण बारीक. इथे अँटिबॉडी वाढवून उपयोग नव्हता, कारण नियंत्रणाने पद्धत चोख असल्याचं दाखवलं होतं. अशा वेळी लोडिंग ५० मायक्रोग्रॅमपर्यंत न्या. मात्र जाड जेल घ्यावं लागलं तर ट्रान्सफरची कुमासी-तपासणी पुन्हा करा. त्यानेही भागलं नाही तर भरपूर लायसेटमधून एकूण ईजीएफआर अँटिबॉडीने वेगळा काढून, म्हणजे इम्युनोप्रेसिपिटेशन करून, मग फॉस्फोसाठी ब्लॉट करा. त्यातही तुमच्या पेशी कोऱ्या आणि ईजीएफ दिलेल्या त्याच पेशी चमकत असतील, तर न उत्तेजित केलेल्या पेशींत त्या जागी फॉस्फेट तुमच्या पद्धतीला दिसेल इतकं नाही, असं वहीत लिहा. सोबत ए४३१ चा फोटो आणि एक्स्पोजरची वेळ जोडा.